गुलाब-शेवंतीच्या फोटोखाली दरवर्षी चुकणारं नाव

जानेवारी आला की आमच्या गटाच्या फोल्डरमध्ये फोटोंचा पूर येतो. आम्ही ठाण्यातली बाल्कनीत बाग करणारी मंडळी. कोणी महापालिकेच्या फुलांच्या प्रदर्शनात फोटो काढतं, कोणी घोडबंदर रोडवरच्या नर्सरीत, कोणी जांभळी नाक्याला हार घेता घेता टोपलीचा. फोटो टाकताना खाली शास्त्रीय नाव लिहायचं हा आमचा नियम, आणि ती नावं तपासायचं काम माझ्याकडे. गेली काही वर्षं मी तीच तीन नावं खोडते आहे: गुलाबाखाली ‘रोझा इंडिका’ किंवा ‘रोझा चायनेन्सिस’ आणि शेवंतीखाली ‘क्रिसॅन्थेमम इंडिकम’. खोडलं की फोन येतो, "अहो ताई, पुस्तकात हेच आहे." पुस्तकात आहे हे खरंच. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून ठेवते.

घोळ कुठून सुरू होतो

पहिला दोष आपल्या भाषेतल्या एका शब्दाचा. फुलवाल्याला आपण विचारतो, "ही कुठली जात?" तो सांगतो, "ग्लॅडिएटर." कृषी खात्याची पत्रकं शेवंतीच्या ‘सुधारित जाती’ म्हणून झिपरी, राजा, सोनाली तारा अशी नावं देतात. तिथे जात म्हणजे वाण, माणसाने निवडून किंवा संकर करून तयार केलेला आणि डोळा भरून, छाटापासून किंवा काश्यांपासून जसाच्या तसा वाढवत ठेवलेला. वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात मात्र जाती म्हणजे निसर्गात आपोआप वाढणारी, बियांतून आपल्यासारखीच पिढी देणारी वनस्पती. दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे वाणाच्या फोटोला जातीचं नाव चिकटवताना आपल्याला काही खटकतच नाही. या लेखात मी ‘जाती’ हा शब्द फक्त निसर्गातल्या वनस्पतीसाठी आणि ‘वाण’ हा बागेतल्या निवडीसाठी वापरते आहे.

दुसरा दोष ‘इंडिका’ या शेपटीचा. नाव वाचलं की वाटतं, हे तर आपलंच. रोझा इंडिका हे नाव लिनिअसने 1753 साली दिलं, पण ते नेमकं कोणत्या झाडाला दिलं यावरच पुढे वाद झाले आणि आज ते नाव कोणत्याही गुलाबासाठी कामाचं उरलेलं नाही. शाळेच्या तक्त्यांत आणि औषधी वनस्पतींच्या याद्यांत ते टिकून आहे, इतकंच. क्रिसॅन्थेमम इंडिकम ही जाती खरी आहे, पण ती चीन-जपानकडची. त्या काळी युरोपात पूर्वेकडून आलेल्या कशालाही ‘इंडिया’ची चिठ्ठी लागायची.

रोझा चायनेन्सिस हीसुद्धा खरी जाती. तिचं रानटी रूप चीनच्या हुबेई, सिचुआन, ग्वेइचौ या भागांत वेलीसारखं वाढतं, त्याला एकेरी फुलं येतात आणि तीही वर्षातून एकदाच. आपल्या बाल्कनीतल्या ‘चायना गुलाबा’चा त्याच्याशी संबंध खापरपणतूचा खापरपणजोबांशी असतो तेवढा.

आधी ‘नाही’ म्हणा, मग शोधा

ठाणे किंवा नवी मुंबईत काढलेल्या गुलाबाच्या फोटोबद्दल मी सुरुवात नकारानेच करते. हा बागेतला संकर आहे असं धरायचं आणि तसं नसल्याचा पुरावा फोटोत शोधायचा. उलट बाजूने गेलात, म्हणजे आधी जाती धरून मग शंका घेऊ लागलात, तर दहातले नऊ फोटो चुकतात.

याचं कारण भूगोलात आहे. भारतात रानगुलाब आहेत, पण ते बहुतेक हिमालयात. मणिपूरच्या डोंगरांत रोझा गिगँटिया आहे, निलगिरी आणि पळनीच्या डोंगरांत रोझा लेशेनॉल्टियाना, पूर्वेकडच्या नदीकाठच्या पाणथळीत रोझा क्लिनोफिला. येऊरच्या जंगलात मी पंधराएक पावसाळे फिरले, रानगुलाब एकदाही दिसला नाही. म्हणजे आपल्याकडचा गुलाब कोणीतरी आणून लावलेला असतो आणि लावलेला गुलाब बहुधा नर्सरीतला असतो. नर्सरीतला म्हणजे 1867 सालच्या ‘ला फ्रान्स’पासून ज्यांची गणना करतात त्या हायब्रिड टी गुलाबांचा किंवा त्यांच्या भावंडांचा वंशज. अशा एका झाडात चीन, युरोप आणि पश्चिम आशियातल्या अनेक जातींचं रक्त असतं. त्याला एका जातीचं नाव देणं हाच चुकीचा प्रश्न.

तरीही फोटोतून काही पडताळा घेता येतो. सगळ्यात सोपा पाकळ्यांचा. रानगुलाबाला बहुधा 5 पाकळ्या असतात. 4 पाकळ्यांचा हिमालयातला रोझा सेरिसिया हा ठळक अपवाद. वीस-तीस पाकळ्यांचं भरगच्च फूल म्हणजे पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या, आणि असं झाड माणसाने जपलं तरच टिकतं. तेव्हा भरगच्च फूल दिसलं की रानटी जातीचा विचार सोडून द्यायला हरकत नाही.

पण हा नियम उलटा लावू नका, सगळ्यात जास्त लोक इथेच पाय घसरून पडतात. एकेरी फूल म्हणजे रानगुलाब असं नाही. ‘डेंटी बेस’ हा 1925 चा हायब्रिड टी आहे आणि त्याला 5 च पाकळ्या. ‘मर्मेड’ हा 1918 चा संकर, तोही एकेरी. गेल्या वर्षी एका काकांनी नेरुळच्या कोणाच्या गच्चीतला एकेरी गुलाबी गुलाब ‘हिमालयन वाइल्ड रोझ’ म्हणून पाठवला होता. फूल खरंच रानगुलाबासारखं होतं, पण तळहाताएवढं आणि लांब सरळ दांड्यावर एकटंच, दुकानातल्या गुलाबासारखं. मी विचारलं, "काका, पाऊस संपल्यावरही फुलला होता का?" ते म्हणाले, "बारमाही फुलतो, म्हणून तर फोटो काढला." तिथेच उत्तर मिळालं.

बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच, ठरावीक काही आठवडे फुलतात. ऑक्टोबर, जानेवारी आणि जून अशा तिन्ही महिन्यांत फुलणाऱ्या गुलाबात जुन्या चिनी बागांतल्या गुलाबांचं रक्त असतं. बारमाही फुलण्याचा गुण युरोपात त्यांच्यामुळेच आला, ‘ओल्ड ब्लश’सारखे वाण अठराव्या शतकाच्या शेवटाकडे तिकडे पोहोचल्यावर. एका फोटोतून हे कळत नाही, पण एकाच झाडाचे दोन-तीन फोटो असतील तर फोनमध्ये प्रत्येक फोटोची तारीख असते. ती बघा. मला तर पाकळ्या मोजण्यापेक्षा तारखाच जास्त भरवशाच्या वाटतात.

रंगाबद्दल एवढंच, की मोठ्या, टोकदार कळीच्या फुलात गडद पिवळा किंवा नारिंगी रंग दिसला तर पुढचा तपास करण्यात वेळ घालवू नका. हा रंग आधुनिक गुलाबांत 1900 च्या ‘सोले द ऑर’पासून, रोझा फीटिडाच्या संकरातून आला.

गावठी गुलाब आणि ते ×

यंदा सर्वांत जास्त वाद झाला तो गावठी गुलाबावरून. गुलकंदासाठी लावतात तो, फिका गुलाबी, सैल पाकळ्यांचा, वासाचा. त्याखाली तिघांनी ‘रोझा डमासेना’ लिहिलं होतं, म्हणजे अत्तराचा दमास्कस गुलाब. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात.

एक म्हणजे ती जाती नाहीच. नाव लिहायचं ‘रोझा × डमासेना’, आणि मधलं ते फुलीसारखं चिन्ह सजावटीचं नाही. पुढचं नाव संकराचं आहे असं ते सांगतं. जनुकांच्या तपासणीत या गुलाबाचे पूर्वज तीन निघाले: गॅलिका, मोस्काटा आणि फेडचेन्कोआना. सेंटिफोलियाचंही तसंच, तोही संकरच. चिन्ह गाळलं की संकराची जाती होऊन बसते. फोनवर × सापडत नसेल तर साधा इंग्रजी x, दोन्ही बाजूंना जागा सोडून, चालतो.

दुसरी गोष्ट, ठाण्यातला तो गावठी गुलाब डमासेना असण्याची शक्यता कमी. कन्नौज, पुष्करकडे अत्तरासाठी लावतात तो मुख्यतः थंडी संपता संपता एकदा बहरतो. आपल्याकडचा मात्र वर्षातून अनेकदा फुलतो. माझा अंदाज एडवर्डसारख्या जुन्या बोर्बोन गुलाबांकडे जातो, जे चिनी आणि दमास्कस गटांच्या मिश्रणातून हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर आले. पण अंदाज फोटोखाली लिहायचा नसतो. तिन्ही फोटोंखाली मी ‘जुना बागेतला संकर, स्थानिक नाव गावठी गुलाब’ एवढंच ठेवलं. एक वहिनी नाराज झाल्या, कारण त्यांना लॅटिन नाव हवं होतं.

लाल गुलाब पांढरा झाला, ती गोष्ट

आता ते प्रकरण, ज्यामुळे हा लेख लिहायला घेतला. कळव्याची एक मैत्रीण मार्चमध्ये नाशिकला माहेरी गेली होती. अंगणात चार वर्षांपूर्वी लावलेला गडद लाल गुलाब, नर्सरीवाल्याने ‘ग्लॅडिएटर’ म्हणून दिलेला. त्या झाडावर लाल फूल एकही नव्हतं. त्याऐवजी पांढऱ्या बारीक फुलांचे घोसच्या घोस. तिने फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘ग्लॅडिएटर, पांढरा स्पोर्ट’.

स्पोर्ट ही कल्पना चुकीची नाही. एखाद्या फांदीत अचानक बदल होऊन वेगळ्या रंगाचं फूल येतं आणि त्याच फांदीचे डोळे भरून नवा वाण निघतो. सरळ उभ्या ‘आइसबर्ग’चा वेलीसारखा चढणारा ‘क्लाइंबिंग आइसबर्ग’ असाच आला. गटात आणखी दोन मतं पडली. एक, खत कमी पडलं म्हणून रंग उडाला. दुसरं, गुलाब ‘रानटी झाला’. खत कमी पडल्याने फुलाचा आकार घटेल, एका रंगाचा दुसरा होणार नाही. आणि झाड जागेवर उभ्या उभ्या रानटी होत नाही.

मी तिला चार फोटो मागितले. घोस समोरून, एक फूल बाजूने, पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो ती जागा अगदी जवळून, आणि झाडाचा बुंधा मातीसकट. आईला फोनवर समजावून तिने ते मिळवले. बुंध्याचा फोटो सोडून, तो यायला बरेच दिवस लागले.

समोरच्या फोटोत प्रत्येक फूल 5 पाकळ्यांचं, शेजारी ठेवलेल्या नाण्याहून जेमतेम मोठं. बाजूच्या फोटोत खरी गंमत होती. नेहमीच्या गुलाबाच्या मधोमध कुक्षिवृंत, म्हणजे फुलाच्या मादी भागाच्या बारीक काड्या, सुटे सुटे, एकत्र बसलेल्या गादीसारखे दिसतात. या फुलात ते सगळे चिकटून एक बारीक खांब झाला होता आणि तो पुंकेसरांच्या मधून वर आला होता. तिसऱ्या फोटोत देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंना चिकटलेली उपपर्णं दिसत होती. दुकानातल्या गुलाबाची उपपर्णं अरुंद पट्टीसारखी असतात, फक्त टोकं सुटलेली. इथे त्यांची कड फणीच्या दातांसारखी झालरदार होती. पानाला 7 पर्णिका.

आता विचार करा. स्पोर्टमध्ये एखादी गोष्ट बदलते, रंग किंवा झाडाची ठेवण. इथे रंग, पाकळ्यांची संख्या, फुलाचा आकार, घोस, कुक्षिवृंत, उपपर्णं सगळंच एकदम बदललेलं. म्हणजे झाड बदललं नव्हतं, हे दुसरंच झाड होतं. नर्सरीत गुलाबाचा डोळा एका वेगळ्या गुलाबाच्या खुंटावर भरतात. वरचा ग्लॅडिएटर मेला आणि खालच्या खुंटाने फुटवा काढला. झालरदार उपपर्णं, खांबासारखे कुक्षिवृंत आणि पांढऱ्या एकेरी फुलांचे घोस ही तिन्ही लक्षणं एकत्र आली की उत्तर रोझा मल्टिफ्लोराकडे जातं. चीन, जपान, कोरियातली ही जाती खुंट म्हणून मुद्दाम वाढवतात.

इथे ‘सात पानांचा तो रानटी’ या समजुतीबद्दल लिहून टाकते. अनेक माळी 7 पर्णिका दिसल्या की फांदी कापतात. मल्टिफ्लोराला 7 बऱ्याचदा असतात हे खरं, पण चांगल्या हायब्रिड टीच्या जोमदार फांदीवरही 7 पर्णिकांची पानं येतात. आमच्याकडच्या एका कुंडीतली निरोगी फांदी अशीच गेली. पर्णिका मोजू नका, फांदी डोळ्याच्या गाठीच्या वरून आली की खालून ते बघा. आणि खुंट म्हणजे नेहमी रानटी जाती, असंही धरू नका. उत्तर भारतात एडवर्डवरही डोळे भरतात आणि एडवर्ड स्वतः संकर आहे.

तरी माझी खात्री पूर्ण नव्हती. मल्टिफ्लोराच्या संकरातून आलेल्या पॉलिअँथा आणि रँबलर गटांतल्या बऱ्याच गुलाबांना झालरदार उपपर्णं येतात. कोणी तसला वाण लावला असता तर? म्हणून दोन गोष्टींची वाट पाहिली. बुंध्याचा फोटो आला तेव्हा त्यात फुगीर गाठ दिसली, तिच्या वरचं लाकूड वाळलेलं आणि हिरवी फांदी गाठीच्या खालून निघालेली. मग मी तिला सांगितलं, पावसाळ्यात परत फुलतं का बघ. ऑगस्टमध्ये निरोप आला, एप्रिलनंतर एकही फूल नाही, नुसती पानं माजली आहेत. चिनी रक्त असतं तर तोवर एखादा घोस दिसला असता. त्यानंतरच मी नाव लिहिलं: रोझा मल्टिफ्लोरा, आणि पुढे ‘लागवडीतलं, खुंट’. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल नाशिकला ही जाती रानात उगवते.

शेवंतीकडे

शेवंतीचं प्रकरण फोटोपुरतं गुलाबाहून सोपं आणि वाणापुरतं अवघड.

आपल्याकडची हारातली, कुंडीतली, प्रदर्शनातली शेवंती म्हणजे ‘क्रिसॅन्थेमम × मोरिफोलियम’. पुन्हा ते ×. चीनमध्ये अनेक रानटी जातींच्या मिश्रणातून ही तयार झाली आणि त्या मिश्रणात इंडिकमही होती. म्हणून बारीक पिवळी शेवंती दिसली की ‘ही मूळची इंडिकम’ असा मोह होतो. खऱ्या इंडिकमचं फूल साधारण 2 सेंटिमीटर रुंद, बाहेर पिवळ्या पाकळ्यांची एकच ओळ, मध्ये पिवळी चकती, आणि अशी पुष्कळ फुलं सैल फांद्यांवर. हारातल्या शेवंतीत पाकळ्यांच्या अनेक ओळी असतात आणि चकती झाकलेली किंवा नाहीशी झालेली असते.

पाकळ्या म्हणते आहे खरी, पण शेवंतीचं फूल म्हणजे शेकडो फुलांचा गुच्छ. बाहेरची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक किरणपुष्प आणि मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपका एक बिंबपुष्प. माणसाने निवड करत करत चकतीतल्या फुलांच्या जागी किरणपुष्पं आणली. काहींची टोकं चमच्यासारखी झाली, काहींच्या लांब नळ्या झाल्या. कोळ्याच्या पायांसारख्या वळलेल्या नळ्यांची शेवंती प्रदर्शनात दिसली तर नाव ठरवायला दुसरं काही बघावं लागत नाही.

मग एकेरी, बारीक, पिवळी शेवंती ठाण्यात दिसली तर? मी तीही × मोरिफोलियमच लिहिते, कारण एकेरी बारीक फुलांचे वाणही मुद्दाम तयार केलेले आहेत आणि फोटोवरून त्यांना इंडिकमपासून खात्रीने वेगळं काढता येत नाही. ज्या बागेने मूळ ठिकाणाहून आणलेलं रोप म्हणून पाटी लावली आहे, तिथला फोटो असेल तरच इंडिकम.

जुन्या पाट्यांवर ‘डेंड्रँथेमा ग्रँडिफ्लोरम’ असं नाव दिसलं तर गोंधळू नका. मधल्या काळात बागेतल्या शेवंतीला क्रिसॅन्थेमम या वंशातून बाहेर काढलं होतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती परत आली, वनस्पतीतज्ज्ञांनी मतदान करून आणली. पाटी चुकीची नाही, शिळी आहे.

बाजारात बिजली म्हणून येणारी पांढरी-पिवळी फुलं मात्र शेवंतीच्या फोल्डरमधून बाहेर काढायची. ती ग्लेबिओनिस कोरोनारिया, आधी क्रिसॅन्थेमम म्हणायचे, आता वंशच वेगळा. फुलावरून फसाल, पानावरून नाही. शेवंतीचं पान रुंद, कडेला खोल खाचा असलेलं, खालून राखट. बिजलीचं पान बारीक चिरलेलं, जवळजवळ गाजराच्या पाल्यासारखं. शेवंती काश्यांपासून लावतात, बिजली दरवर्षी बियांपासून. मजा अशी की हारातली ही स्वस्त बिजलीच ती, जिच्या फोटोखाली × न लावता जातीचं नाव लिहिता येतं. टोपलीतल्या फुलाला पान नसतं, म्हणून जांभळी नाक्यावर फोटो काढताना फुलवालीकडे पान असलेली एक काडी मागून घ्या. माझ्या नेहमीच्या मावशी देतात, वर हसतातही.

आणि बाजारातली निळी शेवंती ही जाती नाही, वाणही नाही, ती रंगाचं पाणी पाजलेली असते. देठ आडवा कापून बघा, आत रंगाच्या रेषा दिसतील.

वाणाचं नाव कधी लिहायचं

एवढं झालं तरी लोकांना हवं असतं ते नाव: ग्लॅडिएटर का टॉप सीक्रेट का ताजमहाल? माझं उत्तर ऐकायला कोणाला आवडत नाही. लाल हायब्रिड टीच्या नुसत्या फोटोवरून वाण सांगता येत नाही. गुलाबाचे वाण तीस हजारांच्या वर आहेत, एकाच वाणाचा रंग थंडीत गडद आणि मेमध्ये फिका होतो, आणि फोनचा कॅमेरा लाल रंग भडक करतो. वाणाचं नाव दिसण्यातून येत नाही, ते झाडाच्या कुंडलीतून येतं: प्रदर्शनातली पाटी, नर्सरीची चिठ्ठी, ज्याने डोळा भरला त्याचं सांगणं. म्हणून पाटीचा फोटो फुलाच्या फोटोइतकाच आवश्यक. पाटी आणि झाड एकाच फोटोत यायला हवं, कारण प्रदर्शनात पाट्या शेजारच्या कुंडीत सरकतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

‘डच’, ‘काश्मिरी’, ‘बटण’ ही नर्सरीतली बोलीतली नावं आहेत, वाण नाहीत. डच म्हणजे फार तर पॉलिहाऊसमधला लांब दांड्याचा गुलाब. ती नावं ‘स्थानिक नाव’ या रकान्यात लिहा, एकेरी अवतरणात नको. झिपरी, रेवडीबद्दलही मी हेच करते. शेतकऱ्याने एक म्हणून लावलेली झिपरी आणि दुसऱ्या तालुक्यातली झिपरी एकच आहे की नाही हे फोटोतून कोण सांगणार?

एकाच गुलाबाची चार नावं असतात हेही लक्षात ठेवा. ‘आइसबर्ग’, ‘श्नीवित्शेन’ आणि ‘KORbin’ हे एकच झाड, जर्मनीतल्या कोर्डेस यांनी 1958 साली आणलेलं. ‘KORbin’मधली पहिली तीन मोठी अक्षरं वाण तयार करणाऱ्या घराण्याची खूण. शोधताना या तिन्ही नावांनी शोधा, नाहीतर फोल्डरमध्ये एकाच गुलाबाचे तीन गुलाब होतात. आमच्याकडे झाले होते.

फाइलच्या नावात टाइप करायची पद्धत आम्ही अशी ठरवली आहे:

```
Rosa (hybrid)
Rosa 'Gladiator'
Rosa banksiae 'Lutea'
Chrysanthemum × morifolium
```

पहिली ओळ वाण माहीत नसलेल्या कोणत्याही नर्सरीतल्या गुलाबासाठी. आमचे बहुतेक फोटो तिथेच बसतात आणि तिथेच राहू द्यावेत. दुसरी पाटी असेल तेव्हा. वाणाचं नाव एकेरी अवतरणात, पहिलं अक्षर मोठं, तिरपं नाही. तिसरी ओळ एका सदस्याच्या हिमाचलच्या सहलीतल्या पिवळ्या, भरगच्च, जवळजवळ बिनकाट्यांच्या वेलीसाठी. ती पाहून कोणीतरी विचारलंच, भरगच्च फूल असून जातीचं नाव कसं? कारण काही जातींना पहिलं शास्त्रीय नाव मिळालं तेच चिनी बागेतल्या भरगच्च झाडावरून, आणि बँक्सिया ही त्यातली एक. रानटी एकेरी रूप नंतर सापडलं. त्यामुळे जातीचं नाव बरोबर, पुढे वाणाचं नाव जोडलं की झालं.

आजच्या घडीला आमच्या गुलाबांच्या फोल्डरमध्ये × शिवाय जातीचं नाव असलेल्या नोंदी दोनच आहेत, ही हिमाचलची आणि नाशिकची ती पांढरी. नाशिकची फांदी मात्र आता नाही. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या आईने बुंध्यापासून काढून टाकली आणि त्या जागी नवा लाल गुलाब लावला. त्याची चिठ्ठी फेकू नका, एवढं मी कळवलं आहे.